मुद्देसूद की मुद्देनिहाय? (एका फ्रेंच मेलमुळे पडलेला प्रश्न)

शेवंता
मुलगी सप्टेंबरपासून ग्रेनोबलला शिकायला जाते आहे. तिच्या खोलीसाठी तिथल्या एजन्सीशी माझी पत्रापत्री चालू आहे, कारण घरात फ्रेंच येणारी मीच. एकाच मेलच्या खाली चौदा मेलांची शेपटी झाली आहे. शेवटच्या मेलात बाईंनी सहा प्रश्न विचारले आणि लिहिलं, 'पुआँ पार पुआँ, दाँ ल कोर द्यु मेसाज' उत्तर द्या. मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना मुद्देसूद उत्तर हवंय. तो म्हणे, मुद्देसूद म्हणजे फाटे न फोडता बोललेलं, बाई मागतात ते वेगळं. मग त्याला म्हणायचं काय? 'कोर' म्हणजे शरीर, पण 'मेलच्या अंगात उत्तर' म्हटलं की अंगात आल्यासारखं वाटतं.

कारकून_निवृत्त
कोर्टात याला पिढ्यान्‌पिढ्या शब्द आहे: कलमवार. वादी दाव्यात एक, दोन, तीन लिहितो, प्रतिवादी कैफियतीत त्याच क्रमाने उत्तर देतो. आणि जे कलम स्पष्ट नाकारलं नाही, ते सामान्यतः कबूल धरतात. मुलीच्या भाड्याच्या कागदांत हे विसरू नका.

वरदा_नँत
काका, कैफियत वेगळ्या कागदावर असते. बाईंच्या वाक्यात दोन मागण्या आहेत. 'पुआँ पार पुआँ' म्हणजे तुमचं कलमवार, हे मान्य. पण 'दाँ ल कोर' म्हणजे माझ्याच मजकुरात, माझ्या प्रश्नाच्या खाली. शेवंताताई, तुम्ही नक्की काय पाठवलंत?

शेवंता
सगळ्यात वर '१ हो, २ हो, ३ नाही' असं सहापर्यंत. त्यावर आलेल्या उत्तरात पार्किंगचं भाडं धरलेलं आहे. आमच्याकडे गाडीच नाही!

वरदा_नँत
पार्किंगचा प्रश्न नकारार्थी होता का? 'तुम्हाला पार्किंग नको ना?' असा?

शेवंता
हो, तसाच. मी 'वी' लिहिलं. नको ना? हो, नको.

वरदा_नँत
तिथेच घोटाळा झाला. मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला 'हो' म्हणतो. फ्रेंचमध्ये नकारार्थी प्रश्नाला नको असेल तर 'नों', हवं असेल तर 'सी'. नुसतं 'वी' आलं की वाचणारा अडखळतो आणि सोयीचा अर्थ घेतो. त्यात तुमचं उत्तर प्रश्नापासून दोन पानं वर. म्हणून मी नुसतं हो-नाही कधीच लिहीत नाही, पूर्ण वाक्य लिहिते. असं करा:

```
Bonjour Madame,
Mes réponses sont dans votre texte, ci-dessous.

Le lun. 8 juill. 2024 à 10:12, l'agence a écrit :
> Vous n'avez pas besoin de la place de parking ?

Non, nous n'en avons pas besoin.

> Pouvez-vous envoyer l'attestation d'assurance
> sous huit jours ?

Oui, vous l'aurez lundi 15 juillet.

[...]
```

नमस्काराखालची ओळ, 'माझी उत्तरं खाली तुमच्याच मजकुरात आहेत', गाळू नका. ती नसेल तर बाई वरचा नमस्कार वाचून खाली आपलंच पत्र दिसतंय म्हणून मेल बंद करतील. ज्या भागाला उत्तर द्यायचं नाही तो कापा आणि कापल्याची खूण चौकटी कंसातल्या तीन टिंबांनी ठेवा. चौदा मेलांची शेपटी कशाला न्यायची? आणि एका परिच्छेदात दोन प्रश्न असतील तर तो मध्ये तोडून प्रत्येकाखाली उत्तर लिहा. १ ते ६ आकडे घालताना नेमका तिथेच एक प्रश्न सुटतो.

अर्धाचहा
माझ्या ऑफिसच्या मेलमध्ये ही > खूण येतच नाही. मी एकदा क्लायंटच्या प्रश्नांखाली निमूट उत्तरं लिहिली. साहेब म्हणाले, याने क्लायंटचंच पत्र परत पाठवलंय! तेव्हापासून लाल रंगात लिहितो. प्रश्न मिटला.

वरदा_नँत
पहिल्या फेरीत मिटतो. दुसऱ्या फेरीत तेही लाल लिहितात, तिसऱ्यात कोणी निळा घेतो. मग कोणीतरी काळ्या-पांढऱ्या कागदावर छापून फाइलला लावतं आणि कोण काय बोललं ते कळत नाही. साध्या मजकुराचा मेल असेल तर रंग वाटेतच गळतो. > नसेल तर प्रत्येक उत्तराआधी चौकटी कंसात आपलं नाव घाला.

शुद्धलेखनप्रेमी
मूळ प्रश्नाकडे या. 'कलमवार' फारसी वळणाचा. 'अंतर्लिखित प्रत्युत्तर' हा नेमका आणि आपला शब्द आहे.

अर्धाचहा
साहेबांना 'अंतर्लिखित प्रत्युत्तर पाठवतो' म्हटलं तर ते वकील बोलावतील.

मोडीवाचक
पेशवाईतल्या पत्रांत हीच रीत सापडते हो! 'पत्र पाठविले ते पावले. लिहिले की' म्हणून समोरच्याचं म्हणणं पुन्हा मांडायचं आणि 'ऐशियास' म्हणून आपलं उत्तर सुरू करायचं. > म्हणजे 'लिहिले की' आणि खालची ओळ म्हणजे 'ऐशियास'. माझ्यापुरता शब्द ठरला: ऐशियास-पद्धत.

शुद्धलेखनप्रेमी
मग मुद्देसूदमधला 'सूद' तरी कुठला? सूद म्हणजे व्याज. मुद्द्यावर व्याज?

मोडीवाचक
तो सूद हाच, याला पुरावा काय? 'मुद्दा' मात्र अरबीतून आलाय, तोही टाकणार का?

गिरगावकर
> ही खूण फ्रेंच अवतरणचिन्हातूनच आली आहे. त्यांचं » बघा, दोन > चिकटवल्यासारखं. गिओम नावाच्या मुद्रकाने ते काढलं म्हणून त्याला 'गियमे' म्हणतात.

वरदा_नँत
नाव गिओमवरून पडलं असं म्हणतात खरं, पण तो गिओम कोणता यावर एकमत नाही. मेलची खूण तिथून आली असं मी म्हणणार नाही, कीबोर्डवर ती होतीच. साम्य मात्र खरं आहे. जुन्या फ्रेंच छपाईत लांब उताऱ्याच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला गियमे लावत, म्हणजे मधली ओळ वाचतानाही शब्द दुसऱ्याचे आहेत हे दिसे. मेलमध्ये > तेच काम करतं. उताऱ्याच्या आतला उतारा >> होतो. तीन-चार > दिसले की समजायचं, कापायची वेळ झाली.

शेवंता
शब्द अजून मिळालेला नाही, पण दुसरं विचारते. वरदाताई, विम्याच्या कागदासाठी बाईंनी 'ह्वित जूर', म्हणजे आठ दिवस दिलेत, आणि तुम्ही 8 तारखेवरून 15 लिहिलंत. आठ दिवस मोजले तर 16 येते ना?

वरदा_नँत
बोलीत ते म्हणजे एक आठवडा. आजचा सोमवारही मोजतात म्हणून आठ. आपलाही 'आठवडा' सातच दिवसांचा की! दोन आठवड्यांना ते 'कँझ जूर', पंधरा दिवस म्हणतात, आपल्या पंधरवड्यासारखं. पण काटेकोर लोक आठ म्हणजे पूर्ण आठ धरतात, म्हणून उत्तरात तारीखच लिहून टाकली.

शुद्धलेखनप्रेमी
आणि उतारा घेतलेल्या भागाला 'उद्धृत' म्हणा. वर उचलून काढलेलं, असा त्याचा अर्थ. 'उधृत' नव्हे. इथे अजून कोणी चुकलं नाही, पण चुकणार आहे.

अर्धाचहा
उचलून वर काढतो तर मग खाली का ठेवतो?

शेवंता
वरदाताईंच्या पद्धतीने मेल पाठवला. सहाही प्रश्न वेगळे करून, प्रत्येकाखाली पूर्ण वाक्य. मुलगी म्हणते, 'आई, इनलाइन म्हण ना.' नवरा म्हणतो 'मध्ये मध्ये उत्तर'. आता बाईंचं उत्तर आलंय. सगळ्यात वर एकच ओळ, 'से नोते, मेर्सी.' खाली चौदाची शेपटी जशीच्या तशी. यातलं नक्की काय 'नोते' केलं? सहाही मान्य, की नुसतं वाचलं?

वरदा_नँत
नोंद घेतली, इतकंच. मान्य आहे असं ते बांधून घेत नाहीत. पार्किंगचं तेवढं पुन्हा विचारा, एकच प्रश्न, आणि या वेळी नकारार्थी नको.

कारकून_निवृत्त
कशाला विचारायचं? नाकारलेलं नाही, म्हणजे कबूल आहे.