फॉलो-अप गेला भलतीकडेच! तुमचे किस्से येऊ द्या

सायलीची_मावशी:
आज भाचा शेजारी बसून इंटरव्ह्यूनंतरचा फॉलो-अप मेल लिहीत होता. 'टू'च्या रकान्यात दोन अक्षरं टाकली, खाली तीन नावं उघडली, आणि मी त्याचा हातच धरला. पोरगं दचकलं.

2016 साल. मी हिंजवडीत होते आणि दुसऱ्या कंपनीत दोन राउंड झाले होते. तिथल्या एचआरचं नाव मेघना. माझ्या प्रोजेक्ट मॅनेजरचंही मेघना. मेल माझ्या खासगी जीमेलवरून जाणार होता, मग मॅनेजरचा पत्ता तिथे आला कुठून? पावसाळ्यात डेंग्यू झाला होता, तेव्हा रजेचा मेल घरून त्याच जीमेलवरून टाकला होता. एकदा पाठवलेला पत्ता ते जपून ठेवतं. मी me टाइप केलं आणि एंटर मारलं.

मजकूर असा: "हाय मेघना, कालच्या चर्चेनंतर या रोलमध्ये मला खूप रस आहे. नोटीस 90 दिवसांची आहे, पण माझी मॅनेजर समजूतदार आहे, 45 वर सोडेल."

दहाव्या दिवशी स्टँडअप संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "समजूतदार मॅनेजरशी दोन मिनिटं बोलशील?"

कोथरूडकर:
😂😂😂 मेलो! ऑफिसच्या बसमध्ये लोक बघतायत माझ्याकडे

राजा_सोलापूरचा:
आउटलुक असतं तर रिकॉल मारून परत घेता आला असता. मी कितीदा केलंय.

निवृत्त_एचआर:
राजाभाऊ, रिकॉल चालतो तो एकाच कंपनीच्या आत, आणि समोरच्याने आधीच वाचला असेल तर उपयोग शून्य. बाहेर जीमेलवर गेलेला मेल परत येत नाही. उलट 'अमुक यांना हा मेल मागे घ्यायचा आहे' अशी चिठ्ठी जाऊ शकते, म्हणजे न वाचणाराही वाचतो. जीमेलमध्ये 'Undo Send' आहे, पण ते मुळात 5 सेकंदांचं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन 30 करा.

आणि फॉलो-अप नवा मेल उघडून लिहूच नका. इंटरव्ह्यूचं बोलावणं ज्या मेलने आलं, त्यालाच रिप्लाय करा. पत्ता आपण टाइपच करायचा नाही. फक्त तो noreply वरून आलेला नाही ना ते बघा, नाहीतर तुमचं आभारप्रदर्शन कुणीच वाचत नाही. पत्ता खोटा असेल तर मेल परत तरी येतो. खऱ्या पण चुकीच्या माणसाकडे गेला तर काहीच कळत नाही. मावशींचं तेच झालं.

प्राजक्ता_नाशिक:
माझं व्हॉट्सॅपवर झालेलं. 'आई फारच किरकिर करतायत' हे नवऱ्याला लिहिलं आणि गेलं फॅमिली ग्रुपवर. डिलीट फॉर एव्हरीवन केलं, पण नणंदेने वाचलं होतं. दिवाळीपर्यंत अबोला.

कोथरूडकर:
ताई, हा नोकरीचा धागा आहे 😀 पण नणंदेचं पुढे सांगा

बेलापूर_बाबा:
मी उलट बाजूचा. आमच्या कंपनीत माझ्याच नावाचा दुसरा एक आहे, रिक्रूटमेंटमधला. त्याच्या नावचे फॉलो-अप मला येतात. आधी मी गप्प बसायचो. एकदा एका मुलीने तीन मेल केले, तिसऱ्यात लिहिलं 'उत्तर नाही म्हणजे नकार समजते'. पोटात कालवलं. त्याला फॉरवर्ड केला तर तो म्हणे, मी तर हिची वाट बघतोय! आता दोन ओळी लिहून पुढे सरकवतो.

शमा_दुबई:
चूक कळल्यावर 'कृपया दुर्लक्ष करा' असा मेल टाकावा का?

निवृत्त_एचआर:
अनोळखी असेल तर एक ओळ टाकावी. स्वतःच्या साहेबाला मात्र मेल नको, सरळ जाऊन भेटा.

राजा_सोलापूरचा:
मी तर गप्प बसेन. समोरच्याने वाचला नसेल तर? आपणच कशाला ओढवून घ्यायचं!

शमा_दुबई:
मावशी, पुढे काय झालं ते अर्धवटच राहिलं

सायलीची_मावशी:
सॉरी, कुकर लावत होते.

मॅडम ओरडल्या नाहीत. "किती देतायत?" एवढंच विचारलं. मी खरा आकडा सांगितला. पण महिन्याभरात नवं मॉड्यूल माझ्याऐवजी दुसऱ्याकडे गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आणि खऱ्या मेघनाचं? तिला काही मिळालंच नव्हतं! मी आठ दिवस उत्तराची वाट बघत बसले. शेवटी फोन केला तर म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्हाला रस नाही, दुसऱ्याला ऑफर गेली." सेंट बॉक्स उघडून पत्ता बघायचं मला आठ दिवसांत एकदाही सुचलं नाही.

सात महिन्यांनी तिसरीकडे लागले. राजीनामा द्यायला गेले तर मॅडम हसून म्हणाल्या, "45 ना?" आणि 45 व्या दिवशी सोडलं.

कोथरूडकर:
मॅडमना दंडवत 🙏

प्राजक्ता_नाशिक:
आमच्या नणंदबाई असत्या तर 90 चे 120 केले असते

बेलापूर_बाबा:
भाच्याचा मेल शेवटी गेला का बरोबर?

सायलीची_मावशी:
पत्ता बरोबर गेला हो. सीव्ही जोडायचा राहिला 🤦‍♀️