मागच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपाचं काय झालं? अनुभव सांगा

खारूताई
नमस्कार इंदूरकर. आमच्या कॉलेजचं निसर्ग मंडळ येत्या रविवारी देवगुराडियाच्या टेकडीवर रोपं लावणार आहे. सकाळी साडेसहाला नेमावर रोडवर, मंदिराकडे वळतो त्या फाट्यावर जमायचं. जुने बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली, खुरपं आणा. कुदळी-तगाऱ्या आमच्या. रोपं 200: करंज, शिवण, बेहडा, खैर. चाळीस हात हवेत म्हणजे झालं. नंतर पोहे-जिलबी.

आता खरं सांगते. मागच्या वर्षी 120 लावली, मे महिन्यात मोजली तर 31 उरली होती. या वेळी निघण्याआधी तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.

सराफ्याचा भुक्कड
2024च्या जुलैत रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांवर रोपं लागली, तेव्हा मीही गेलो होतो. पाच लावली, फोटो काढले. परत बघायला गेलो नाही, हे कबूल.

जुना वनरक्षक
बेटा, मेलेलं एखादं रोप उकरून पाहिलंस का? नसेल तर आधी ते कर. वरून सगळी सारखीच वाळलेली दिसतात.

मृण्मयी_सुदामानगर
उकरायचं काय त्यात, पाणीच मिळालं नसणार. आमच्याकडे बाबा रोज न चुकता तांब्याभर घालतात, आंबा मस्त आहे.

खारूताई
काका, काल दोघी गेलो आणि सहा उकरली. चार रोपांची काळी पिशवी तशीच होती! तळाशी नुसती चीर दिलेली. पाचव्याची पिशवी काढली होती, पण मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरलेली, सुतळीच्या गुंडीसारखी. हाताने ओढली तर सगळा गोळा सुटून आला, बाहेरच्या मुरमात एकही मूळ गेलं नव्हतं. सहाव्याचं कारण कळलं नाही.

जुना वनरक्षक
हेच वाटलं होतं. गर्दीच्या कार्यक्रमात पिशवी राहतेच, कारण प्रत्येकाकडे ब्लेड नसतं आणि बोटांनी ती फाटत नाही. सामानाच्या यादीत ब्लेड पहिलं लिही. रोपांना आदल्या संध्याकाळी पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. खोडाला धरून ओढायचं नाही. पिशवी आडवी धरून एका बाजूनं उभी चिरायची, आणि तळाशी मुळं वळलेली दिसली तर बोटभर जाडीची चकती सरळ कापून टाकायची. जीव कासावीस होतो पोरांचा, पण कापा. वळलेलं मूळ जमिनीत गेलं तरी वळतच राहतं.

रोप पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच जमिनीत. खोड पुरू नका. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला, वरून येणारं पाणी अडतं. आणि मृण्मयीताई, घरच्या आंब्याला तांब्या चालतो. टेकडीवर रोज थोडं पाणी दिलं तर मुळं वरच्या वरच राहतात आणि मे महिन्यात भाजतात. आठवड्यातून एकदा बादलीभर, सावकाश.

मृण्मयी_सुदामानगर
बादली टेकडीवर चढवणार कोण, तेही सांगा काका. 😄

बडोद्याची इंदुरी
मी आता बडोद्यात असते. पिशव्या मी स्वतः काढल्या होत्या, तरी शेळ्यांनी एका दुपारी साफ केलं. म्हणून म्हणते, खैरच लावा, काटे असतात.

जुना वनरक्षक
कोवळ्या खैराचे काटे शेळीला अडवत नाहीत. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करा. मूळ धरलेलं असेल तर खाल्लेलं रोप बऱ्याचदा पुन्हा फुटतं.

तिसरा मजला
एक लिंबाचं रोप मिळेल का? बाल्कनीत कुंडी रिकामी आहे. रविवारी येणं जमणार नाही.

खारूताई
दादा, ही टेकडी आहे, नर्सरी नाही. 🙏

मुरूमवाला
मी शेतकरी माणूस. खड्डे केव्हा खणले? आमच्या बांधावर उन्हाळ्यात खणून तापू देतात, दीड फूट लांब-रुंद-खोल. रविवारी खणून रविवारीच लावणार असाल तर वरवर खरवडून होईल. आणि रोपांपेक्षा बी टोका, मूळ पहिल्यापासून सरळ जातं.

जुना वनरक्षक
बियाणं उंदीर, किडे खातात. करंजाचं बी टोकून चांगलं आल्याचं पाहिलंय, शिवणीचं नाही. यावर आमच्यातही एकमत नव्हतं.

खारूताई
खड्डे मे महिन्यात खणलेत, पण मोजून 90. म्हणून या रविवारी 90च रोपं लावू. बाकीची 110 पुढच्या वर्षीपर्यंत सांभाळायची, मोठ्या पिशव्यांत बदलून. कुणाच्या अंगणात जागा असेल तर सांगा. एका ओळीत करंजाचं बीही टोकून बघू.

यादी बदलली: खुरप्यासोबत कटर किंवा ब्लेड प्रत्येकाचं स्वतःचं. रिकाम्या पिशव्या जाताना माझ्याकडे मोजून द्यायच्या. 90 रोपं, 90 पिशव्या. एक कमी भरली तर पोहे थांबतील.

मार्च ते जून दर रविवारी बादली चढवायला दहा जण लागतील. मृण्मयीताई, पहिलं नाव तुमचं टाकलंय.