घोट्याच्या आतल्या बाजूचा ठणका आणि बसत चाललेली कमान: मदत हवी आहे

माझ्या 54 वर्षांच्या बहिणीच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला आठ महिने ठणका असून तळपायाची कमान बसत चालली आहे. भिंतीला हात टेकवून त्या एका पायावर उभी राहिल्यास तिला टाच उचलताच येत नाही. कमान तोलणारा टिबियालिस पोस्टिरिअर हा स्नायुबंध अर्धवट फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले. मात्र बाहेर कललेली टाच हाताने सरळ होते, म्हणजे सांधे अजून ताठरलेले नाहीत, हाच मोठा दिलासा. सहा आठवडे आधाराचा बूट, नंतर इनसोल आणि व्यायाम यांनी ठणका निम्मा झाला, ताकद मात्र आली नाही. स्नायुबंध तुटण्याच्या धोक्यामुळे स्टिरॉइडचे इंजेक्शन टाळले आहे. तिला मधुमेह आहे, तो आटोक्यात आहे. अशा अवस्थेत घोट्याचा ब्रेस लावून आणखी किती महिने थांबणे योग्य, आणि सांधे ताठरण्याआधी शस्त्रक्रिया करायची तर कोणती लक्षणे निर्णायक मानावीत?