मदत हवी आहे: एफएनडीचं निदान रुग्णाला कसं सांगावं आणि फिजिओच्या चिठ्ठीत काय लिहावं?

गोदाकाठ
परभणी जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे. रुग्ण २६ वर्षांची अंगणवाडी मदतनीस. ओट्यावरून पडली, कंबर दुखली आणि दुसऱ्या दिवसापासून उजवा पाय लुळा. आता फरफटत चालते. रिफ्लेक्स सारखे, लघवी-संडासची तक्रार नाही, मेंदू आणि मणक्याचा एमआरआय ठीक. हूवर साइन स्पष्ट मिळते, त्यामुळे फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणजेच एफएनडी, या निदानाबद्दल मला शंका नाही.

अडलंय ते सांगण्यापाशी. आधीच्या डॉक्टरांनी "रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं. ती मला म्हणाली, "साहेब, पाय ऐकतच नाही, आन् घरचे नाटक म्हणायलेत." तिला काय सांगू? आणि जिल्ह्याच्या फिजिओला चिठ्ठीत काय लिहू?

बीडचा जीपी
आधी घरचा ताण शोधा. तो सापडला की पाय सुटतो. तोवर नसांचं इंजेक्शन म्हणून सलाईन लावा, विश्वासावर उठतात.

न्यूरो_संभाजीनगर
ताणाबद्दल जरूर विचारा, पण निदान त्यावर टांगू नका. मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ पासून मानसिक कारण सापडलंच पाहिजे ही अटच राहिलेली नाही. सलाईन मात्र नको. ती फसवणूक आहे, आणि एकदा कळलं की तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही.

सुरुवात "काही झालं नाही"ने करू नका. जे सापडलं ते, म्हणजे हूवर साइन, दाखवा. तिला झोपवून उजव्या टाचेखाली हात ठेवा आणि टाच खाली दाबायला सांगा, जोर लागणार नाही. मग हात तिथेच ठेवून डावा पाय तुमच्या दुसऱ्या हाताच्या दाबाविरुद्ध उचलायला सांगा. उजवी टाच आपोआप खाली दाबली जाते. नवऱ्याला, सासूलाही हात ठेवून बघू द्या. मग म्हणा: "ताकद शाबूत आहे. तुम्ही ठरवून पाय हलवायला जाता तेव्हा मेंदूचा हुकूम अडकतो, लक्ष दुसरीकडे गेलं की पोचतो. मोटार चांगली आहे, स्टार्टर धरत नाही. हे ढोंग नाही. हा आजार नेहमी दिसतो, आणि यातून सुधारणा होऊ शकते." आजाराचं नाव कागदावर लिहून द्या.

कंबर किंवा खुबा दुखत असेल तर हूवर फसवू शकते. दुखण्यामुळेही जोर लागत नाही, तेव्हा ते आधी तपासा. शिवाय फंक्शनल कमजोरीबरोबर दुसरा आजारही असू शकतो.

लातूरकर७
माझ्या वडिलांचा डावा हातपाय अर्धांगवायूने गेलाय. ही टाचेची चाचणी घरी करू का? त्यांचंही मेंदूचंच असेल ना?

न्यूरो_संभाजीनगर
नाही दादा, त्यांची केस वेगळी आहे. अर्धांगवायूत मेंदूला इजा झालेली असते आणि व्यायामही वेगळे असतात. ही चाचणी घरी करून निष्कर्ष काढू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

नांदेडची फिजिओ
चिठ्ठीबद्दल मी बोलते. माझ्याकडे येतं ते असं: "उजवा पाय वीकनेस, एमआरआय नॉर्मल, स्ट्रेंदनिंग व स्टिम्युलेशन १० दिवस." असल्या चिठ्ठीवर मी पलंगावर पाय उचलायचे सेट दिले तर तिचं सगळं लक्ष त्या पायावरच खिळतं आणि पाय आणखी अडतो.

मला हवं ते हे: निदान स्पष्ट शब्दांत, कशावरून केलं ते, आणि मुख्य म्हणजे तिला ते सांगितलंय का, तिला पटलंय का. नसेल तर माझी पहिली भेट त्यातच जाते. चाल कशाने सुधारते तेही बघून लिहा. उलटं चालायला लावा, आडवी पावलं टाकायला लावा, चालताना गप्पा मारा. जिथे पाय सुटतो तिथूनच मी सुरू करते: उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर, मग आडवं पाऊल, मग पुढे. नजर पायाकडे नाही, दाराकडे.

गोदाकाठ
काल टाच दाखवली. सासूने स्वतः हात ठेवला आणि "जोर तर हाय की" म्हणाली. तिचा सूर "मग चालत का नाही" असा होता, म्हणून सगळं पुन्हा समजावलं. रुग्ण मात्र पहिल्यांदाच निवांत वाटली. उलटं चालताना पाय जवळजवळ सरळ पडतो. चिठ्ठी अशी केली:

"निदान: फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, उजव्या पायाची कमजोरी. आधार: हूवर साइन, उलटं चालताना चाल सुधारते. रुग्णाला व घरच्यांना दाखवून सांगितलं आहे. रुग्णाला पटलं आहे, सासूला अर्धवट. कंबर अजून दुखते. रुग्णाचं ध्येय: अंगणवाडीपर्यंत चालत जाणं आणि पाण्याची घागर आणणं. विनंती: लक्ष पायावरून हटवून चालीचा सराव, स्टिम्युलेशन, पट्टा, स्प्लिंट शक्यतो नको. लघवीचा त्रास किंवा नवीन बधिरपणा आल्यास लगेच कळवा. पुढची तपासणी माझ्याकडे, चार आठवड्यांनी."

नांदेडची फिजिओ
अशी चिठ्ठी आली तर पहिल्याच दिवशी कामाला लागते. काठीचं लिहिलं नाहीत.

गोदाकाठ
तेच अडलंय. काठी घेतली की सगळा भार डावीकडे टाकते. पण अंगणवाडीचा रस्ता ओढ्यातून जातो, आणि काठीविना पडली तर?

न्यूरो_संभाजीनगर
मी शक्यतो देत नाही.

नांदेडची फिजिओ
ओढ्यापुरती द्यावी असं मला वाटतं, घरात नको. काठी कधी काढून घ्यायची ते मात्र आधीच ठरवा. आधी एकदा पाहू द्या, मग बोलू.