रात्री आठचे वायफाय आणि ७०३ चा मायक्रोवेव्ह

परांजपे (७०२): सलग चौथ्या दिवशी रात्री आठला आमचे वायफाय तुटले व मुलाची ऑनलाइन शिकवणी अर्धवट राहिली. त्याच वेळी भिंतीपलीकडे मायक्रोवेव्हचा आवाज येत असतो, एवढेच नम्रपणे नमूद करते.

ठाकूर (७०३): भिंतीपलीकडे म्हणजे आमच्याकडेच. पार्किंगच्या वेळीही बोट आमच्याकडेच होते.

देसाई काका (३०१): इंटरनेट कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

सावंत (५०४): काका, बाहेरून येणारी लाइन आणि घरातले वायफाय या वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोवेव्ह साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा खालचा, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही तिथेच आहे. त्यामुळे दाराच्या फटीतून निसटणारी किरकोळ ऊर्जाही जवळच्या राउटरला त्रास देऊ शकते. वायफाय दाखवणाऱ्या ॲपमध्ये मायक्रोवेव्ह दिसत नाही, कारण ते ॲप फक्त वायफायची नावे वाचते. म्हणून परांजपे वहिनी, लॅपटॉप शिकवणीच्याच जागी ठेवून खालच्या पट्ट्याला जोडा आणि आपल्याच राउटरच्या पत्त्याला साठ हाका देऊन किती उत्तरे येतात ते मोजा. आमच्या राउटरच्या पत्त्यासाठी विंडोजवरची आज्ञा अशी आहे:

```
ping -n 60 192.168.1.1
```

एक फेरी मायक्रोवेव्ह बंद ठेवून, दुसरी चालू ठेवून आणि तिसरी पुन्हा बंद करून घ्या. तिसरी फेरी टाळू नका, नाहीतर योगायोगालाच पुरावा समजाल. मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नये, आत भांडेभर पाणी असावे.

कदम (१०२): पाणी तापणारच आहे तर चहा सर्वांना मिळावा.

परांजपे (७०२): आमचा कॉर्डलेस फोन व मुलाचा ब्लूटूथ हेडफोन यांचे काय?

सावंत (५०४): फोनच्या तळावर डेक्ट लिहिले असेल तर तो १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याला सोडून द्या, २.४ लिहिले असेल तर त्याचा प्लग काढून याच तीन फेऱ्या घ्या. ब्लूटूथ कमी शक्तीचे असते व सतत वाहिन्या बदलत राहते, त्यामुळे एका हेडफोनने जोडणी तुटणे अवघड. उलट मायक्रोवेव्ह चालू असताना तो हेडफोनच अडखळतो.

देसाई काका (३०१): तरीही कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

परांजपे (७०२): ठाकूर वहिनींनी सहकार्य केले, त्याबद्दल आभार. त्यांचा मायक्रोवेव्ह चालू असताना साठपैकी एकही उत्तर चुकले नाही. आमचा स्वतःचा लावला तेव्हा सतरा चुकली व उरलेली उशिरा आली, बंद करताच सर्व साठ आली. राउटर मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर आहे आणि सासूबाई आठला दूध गरम करतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते. ५ गिगाहर्ट्झवर मात्र मायक्रोवेव्ह चालू असतानाही काहीच चुकले नाही.

सावंत (५०४): मग शिकवणी ५ वर घ्या. फक्त तो पट्टा भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो, म्हणून राउटरही दिवाणखान्यात आणा.

ठाकूर (७०३): पार्किंगच्या विषयातही अशा तीन फेऱ्या घ्याव्यात, ही विनंती.