चंद्र ‘तो’, सूर्य ‘ती’: मराठीत दोघांचा संसार कसा मांडायचा?

कोरीव: जर्मनमधली एक छोटी प्रेमकविता मराठीत आणतोय. जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी. आशय असा: चंद्र उशिरा खिडकीशी येतो, ती निघून गेलेली असते, तिची उशी अजून उबदार असते, ती उशी कवटाळून तो रात्रभर फिकट बसून राहतो. मराठीत दोघेही पुल्लिंगी. सूर्य बदलू, लिंग लपवू, की आहे तसं राहू देऊ?

उलटतपासणी: आहे तसं राहू द्या. लिंग ही व्याकरणाची सोय आहे. ‘भिंत’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे बाई उभी राहत नाही, तशी जर्मन माणसालाही सूर्य म्हटल्यावर राहत नसणार. अनुवादक उगाच घाम गाळतात.

पाणिनीचा शेजारी: भिंतीपुरतं बरोबर. पण भिंतीला उशी दिली, खिडकीशी ताटकळणारा जोडीदार दिला, की व्याकरणाचं लिंग अंगावर कपडे चढवतं. कवितेतल्या खुणा दोन ढिगांत वेगळ्या करून बघा. नुसतं सर्वनाम आलं असेल तर ते भाषेने लादलेलं, ते सोडून देता येतं. उशी, कवटाळणं, वाट पाहणं हे कवीने निवडलेलं. इथे दुसरा ढीग मोठा आहे, म्हणून ‘आहे तसं’ चालणार नाही.

शिवाय प्रणयाच्या आधीच एक साधी अडचण येते. मराठीत सरळ लिहून बघा: ‘चंद्र आला तेव्हा सूर्य गेला होता. त्याची उशी उबदार होती. त्याने ती कवटाळली.’ कोणाची उशी? जर्मनमध्ये ‘तिची’ या एका शब्दाने दोघं वेगळे होतात. इथे ‘त्याची’ म्हणजे चंद्राची स्वतःचीच उशी असाही अर्थ निघतो, आणि मग विरहाचं चित्रच उरत नाही.

उलटतपासणी: ‘त्याची’च्या जागी ‘सूर्याची’ लिहा, झालं. आणि दोघे पुरुष प्रेमात असले तर बिघडलं काय?

पाणिनीचा शेजारी: बिघडत काहीच नाही. पण मुळात नसलेला अर्थ तुम्ही ठरवून आणताय की अपघाताने, एवढं स्वतःला माहीत हवं. वाचक अपघात लगेच ओळखतो.

रात्रपाळी: माझं उलट आहे, फ्रेंचमधून करतेय. तिथे चंद्र ‘ती’ आणि सूर्य ‘तो’. मी सरसकट ‘चंद्रकोर’ लिहिते, स्त्रीलिंगी आहे, प्रश्न मिटतो. तुम्हीही तसाच एखादा शब्द शोधा ना. सूर्याच्या जागी ‘उषा’ किंवा ‘सांज’.

पाणिनीचा शेजारी: तुमच्या कवितेत पौर्णिमा असेल तर ‘चंद्रकोर’ आकाशच बदलून टाकते. ‘चंद्रिका’, ‘ज्योत्स्ना’ म्हणजे उजेड, बिंब नव्हे. त्या अंगणात पसरू शकतात, ढगाआड लपू शकत नाहीत. आणि ‘चांदणी’ची हिंदीमुळे फसगत होते. हिंदीत ती चंद्रप्रकाश, आपल्याकडे तारका.

‘सांज’ पहिल्या कडव्यात शोभेल, पण पहाटे उगवायची वेळ आली की सांज कशी उगवणार? ‘उषा’ची अडचण वेगळीच. ऋग्वेदात सूर्य उषेच्या मागोमाग जातो, तरुणाने प्रियेच्या मागे जावं तसा. चंद्राने उषेची उशी कवटाळली तर जाणत्या वाचकाला ते भलतंच प्रकरण वाटेल.

कोरीव: मग लिंग लपवायचं?

पाणिनीचा शेजारी: थोडं लपतं. ‘गेला’ म्हटलं की उघडं पडतं, ‘गेल्यावर’ म्हटलं की नाही. ‘येतो’ उघडं, ‘येईल’, ‘ये’, ‘येत आहे’, जुनं ‘येई’ ही सगळी झाकलेली. ‘सूर्याने डोळे मिटले’ यात क्रियापद डोळ्यांच्या मागे जातं. विशेषणात ‘पांढरा’ टाळून ‘फिकट’, ‘शांत’. पण दोन-तीन ओळींनंतर भाषा चवड्यांवर चालतेय हे कळायला लागतं. आणि मुख्य म्हणजे झाकल्याने पुरुष फार तर पुसट होतो, बाई तयार होत नाही.

त्यापेक्षा ‘सूर्य’ हे नामच काढा. कवितेचं शीर्षक ‘चंद्र’ ठेवा आणि त्यालाच बोलू द्या:

उशिरा आलो खिडकीशी,
तू केव्हाच निघून गेलेली;
दिवसभर तळपणारे,
तुझी उशी अजून उबदार.

‘आलो’ने चंद्र पुरुष झाला, ‘गेलेली’ने ती बाई झाली, ‘तळपणारे’ या हाकेने ती सूर्य आहे हे कळलं. ‘सूर्य’ हे नाम लागलंच नाही. ‘तुझी’ आल्याने उशीचा घोटाळाही संपला.

उलटतपासणी: ‘तळपणारे’ हे अनेकवचन वाटतं. ‘तळपणारे दिवे’ म्हणतो तसं. संबोधन म्हणून दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

पाणिनीचा शेजारी: मान्य. मग ‘दिवसभर तळपलीस ना, / तुझी उशी अजून उबदार’ करा. उशी उबदार का, हेही त्यात येतं.

कोरीव: हे आवडलं. पण मुळात कवी लांबून, किंचित मिश्कीलपणे सांगतोय. चंद्रालाच बोलतं केलं की तो मिश्कीलपणा जाऊन नुसती आर्तता राहते. आणि तिसऱ्या कडव्यात पहाटे ती उठते.

पाणिनीचा शेजारी: किंमत आहेच ती. पहाटेचं कडवं तिच्या तोंडी द्या. ‘मी उठले’ म्हटलं की मराठीत बाई सिद्ध होते, ‘उठलो’ म्हटलं तर पुरुष. इंग्रजी अनुवादकाला ही सोय नाही. संवाद केलात तर मिश्कीलपणा तिच्या उत्तरात परत आणता येईल.

रात्रपाळी: पण वाचकाला मूळ भाषेतली उलटापालट कळायला नको का? एक तळटीप द्यावी.

उलटतपासणी: प्रेमकवितेला तळटीप म्हणजे हसून झाल्यावर विनोद समजावून सांगणं.

पाणिनीचा शेजारी: खुद्द जर्मन कवीही यात अडकलेत. हाइनरिख हाइनेला उत्तर समुद्रावरच्या कवितांपैकी ‘सूर्यास्त’मध्ये सूर्य नवरा आणि चंद्र बायको हवी होती, म्हणजे त्याच्या भाषेच्या नेमकं उलट. त्याने सरळ लॅटिन नावं घेतली, सोल देव आणि लूना देवी, आणि त्यांचं लग्न लावून काडीमोडही दाखवला. 1827 च्या त्याच्या संग्रहात ती कविता आहे. म्हणजे परकं नाव घेणं हा कवीनेच मळलेला रस्ता.

आपल्याकडे तसं नाव शोधायचं तर ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात ‘सूर्या’ आहे, सवित्याची मुलगी. तिचा वर सोम, आणि त्याच सूक्तात सोमाचा चंद्राशी संबंध जोडलेला आहे. जोडी तयारच आहे.

कोरीव: ‘सूर्या उठली’ लिहिलं तर वाचक ‘हे सूर्या’ असं संबोधन समजेल.

पाणिनीचा शेजारी: पहिल्यांदा अडखळेल. म्हणून पहिला उल्लेख विभक्तीत करा: ‘सूर्येची उशी’. पुल्लिंगी असता तर ‘सूर्याची’ झालं असतं. त्या एका मात्रेने काम होतं. प्रथमा नंतर येऊ द्या.

उलटतपासणी: ती मात्रा छपाईतली चूक समजून मुद्रितशोधक काढून टाकेल. पैज लावतो.

कोरीव: एक सांगायचं राहिलं. शेवटी ग्रहणाचं कडवं आहे, दोघं एकत्र, आणि बोलणारा तिसराच. तिथे मी-तू चालणार नाही. तेवढ्यापुरती ‘सूर्या’ आणली तर आधी तीन कडवी बिननावाची ‘तू’ आणि अचानक नाव, हे खटकेल का?

रात्रपाळी: मला नाही खटकणार. लग्नातही नाव शेवटीच घेतात.

पाणिनीचा शेजारी: मला खटकेल. पण ‘दोघं’ हा शब्द वापरून बघा. तो एक पुरुष आणि एक बाई यांना लागतो. दोन पुरुष असते तर ‘दोघे’, दोन बायका असत्या तर ‘दोघी’. बोलताना हा भेद नेहमी पाळला जात नाही, म्हणून क्रियापदही ‘होते’ नव्हे, ‘होती’ ठेवा. ‘दुपारी अंधारलं, तेव्हा दोघं एका खिडकीत होती.’ नाव न घेता जोडपं उभं राहतं.

उलटतपासणी: वर मूळ प्रश्नातच ‘दोघांचा संसार’ लिहिलंय, त्यात काहीच कळत नाही.

पाणिनीचा शेजारी: विभक्ती लागली की ‘दोघे’ आणि ‘दोघं’ यांतला भेद पुसला जातो, म्हणून ‘दोघं’ प्रथमेतच ठेवायचा.