मदत हवी आहे: q ने pⁿ ला भाग जातो, म्हणून q = 1? ही उडी कळेना

वहीतली_खाडाखोड: एम.एस्सी. गणित, पहिलं वर्ष. रोज अक्कलकोटहून सोलापूरला एसटीनं ये-जा करते. आज वर्गात एक सिद्धता झाली: सगळ्यात मोठ्या घाताचा सहगुणक 1 आणि बाकीचे सहगुणक पूर्णांक असतील, तर बहुपदीचं परिमेय मूळ पूर्णांकच असतं. यालाच पूर्णांक आपल्या अपूर्णांकांत «क्लोज्ड» आहेत असं म्हणतात. मूळ p/q धरलं, सगळं qⁿ ने गुणलं. पहिलं पद नुसतं pⁿ उरतं, बाकी प्रत्येक पदात q असतोच, म्हणून q ने pⁿ ला भाग जातो. इथवर कळलं. पुढची ओळ थेट «म्हणून q = 1» आणि फळा पुसला. बसमध्ये करून बघितलं: 4 ने 6² म्हणजे 36 ला भाग जातो, आणि 4 काही 1 नाही. माझं कुठं चुकतंय?

सातरस्ता_७: हे √2 चंच आहे की. मोनिक बहुपदीचं मूळ अपरिमेय असतं, तेच सिद्ध केलंय.

जुने_फळे: अर्धंच बरोबर. x² − 9 पण मोनिकच आहे, मूळ 3. मूळ परिमेय असेल तर पूर्णांक, एवढंच विधान आहे. √2 साठी पुढं आणखी एक पायरी लागते: 1² = 1, 2² = 4, मध्ये पूर्णांक नाही, म्हणून x² − 2 ला परिमेय मूळच नाही.

आता मूळ प्रश्न. (मूळ म्हणजे उकल आणि मूळ संख्या, दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे मी खाली «प्राइम» लिहितो.) ताई, 3/2 घेऊन बघा. x³ + ax² + bx + c = 0 मध्ये घाला आणि 8 ने गुणा:

27 + 18a + 12b + 8c = 0

शेवटची तिन्ही पदं सम, 27 विषम. बेरीज शून्य येणं शक्य नाही. आता तोच अपूर्णांक 6/4 असा लिहा आणि 64 ने गुणा:

216 + 144a + 96b + 64c = 0

216 ला 4 ने भाग जातो, कुठंच विरोध दिसत नाही. तुमचं 4 आणि 6 हेच आहे. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात घेतला नाही तर सिद्धता काहीच बोलत नाही. फळ्यावर p/q धरताना p आणि q चा मसावि 1 असं कोपऱ्यात लिहिलं असणार, बघा.

वहीतली_खाडाखोड: लिहिलंय हो, पण शेवटच्या ओळीत ते कुठं वापरलं ते नाही दिसलं.

जुने_फळे: q हा ±1 नसेल तर त्याला एखादा प्राइम भाजक असतो. तो pⁿ ला भागतो. p ला n वेळा गुणून pⁿ झाला, आणि प्राइम गुणाकाराला भागतो तेव्हा एका तरी अवयवाला भागतोच. म्हणजे तो p लाही भागतो आणि q लाही. मसावि 1 राहिला नाही. तुम्ही अख्खा q एकदम p ला भागायला बघत होता, ते होत नाही. त्याचा एक प्राइम पुरतो.

क्लासवाले_जुळे_सोलापूर: मी दहावीचे क्लास घेतो. मुलानं x² − 6x + 8 चं उत्तर 5/2 आणलं की वही न तपासताच परत देतो. पण 2x² − 7x + 5 ला हे चालत नाही, तिथं 1 आणि 5/2 दोन्ही बरोबर. एकदा सवयीनं बरोबर उत्तरावर फुली मारली, मुलीनं फळ्यावर करून दाखवलं.

बिनधास्त_गणित: पण 7 भागिले 2 पूर्णांक नाही. मग पूर्णांक क्लोज्ड कसले?

जुने_फळे: ते भागाकाराबद्दल झालं. इथं मोनिक समीकरणांच्या उकलींबद्दल चाललंय.

वहीतली_खाडाखोड: आता कळलं! म्हणजे सगळा भार «प्राइम गुणाकाराला भागतो तेव्हा एका अवयवाला भागतो» यावर. हे मोडलं तर?

जुने_फळे: मोडून बघा. a + b√−3 अशा संख्या घ्या, a, b पूर्णांक. p = 1 + √−3, q = 2. या संख्यांमध्ये ±1 सोडून दोघांना सामाईक भाजक नाही, म्हणजे अपूर्णांक अतिसंक्षिप्तच. तरी p/q हे x² − x + 1 = 0 चं मूळ आहे. p² = 2(−1 + √−3), म्हणजे 2 ने p² ला भाग जातो, p ला जात नाही. तुमच्या बोटाखालची तीच ओळ तुटली, आणि विधानही पडलं.

वहीतली_खाडाखोड: मग √−5 घेतलं तर? तिथंही 2 ने (1 + √−5)² = −4 + 2√−5 ला भाग जातो, 1 + √−5 ला नाही. पण (1 + √−5)/2 चं समीकरण x² − x + 3/2 येतंय, सहगुणक पूर्णांक नाही.

जुने_फळे: बरोबर. तिथं सिद्धता तुटते, पण विधान खरंच राहतं. त्या संख्या आपल्या अपूर्णांकांत क्लोज्डच आहेत, फक्त प्राइमच्या वाटेनं ते सिद्ध होत नाही.

वहीतली_खाडाखोड: मग कुठल्या वाटेनं? आदर्श अजून शिकवले नाहीत आम्हाला.